पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची आहे? मग या चुका टाळा

बडोद्यात आमच्या ओळखीत असा हिशेब मांडून दाखवायला येणारी तरुण मुलं वाढली आहेत. एक्सेल छान असतं, पण चुका त्याच त्या असतात.

आधी परतावा बघणं, बचत नंतर. कुठला फंड जास्त देईल यावर तासभर बोलतात आणि पगारातले किती टक्के उरतात, हे विचारलं की गप्प. महागाई वजा जाता 4 टक्के परतावा धरा आणि वर्षाच्या खर्चाच्या तीसपट रक्कम हवी असं माना. पगाराचा निम्मा भाग वाचवणारा साधारण 20 वर्षांत तिथे पोचतो. तीस टक्के वाचवणाऱ्याला 34 वर्षं लागतात, म्हणजे पंचविशीत सुरुवात केली तरी साठी जवळ आलेली असते. फंड बदलून हा फरक भरून निघत नाही. पंचवीसपट पुरते असं सांगणारा नियम अमेरिकेतल्या आकड्यांवरून आणि 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलेला आहे. तुम्हाला 40-45 वर्षं काढायची आहेत.

सरासरी परताव्यावर विसंबणं. या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण एक घर तिच्यात अडकलेलं मी पाहिलं आहे.

दांडिया बाजारातले आमचे एक शेजारी रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. 2007 संपता संपता, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला. जवळ एक कोटी, सगळे इक्विटी म्युच्युअल फंडात, आणि वर्षाचा खर्च 4 लाख. म्हणजे 4 टक्के. कागदावर सगळं चोख होतं.

2007 च्या शेवटी सेन्सेक्स 20,287 वर होता, 2008 च्या शेवटी 9,647 वर. फंडही तसेच पडले. वर्षाचा खर्च काढून त्यांच्याकडे 45 लाखांच्या आसपास उरले. महागाईमुळे पुढच्या वर्षाला 4 लाख 40 हजार लागणार होते. वर्षभरापूर्वी जमेतून 4 टक्के काढायचे होते, आता जवळजवळ 10 टक्के. शिवाय ते 4 लाख 40 हजार उभे करायला जी युनिट्स विकावी लागणार, त्यांची किंमत वर्षापूर्वी नऊ लाखांवर होती. अशी विकलेली युनिट्स बाजार वर आला तरी परत येत नाहीत.

वहिनींची झोप उडाली. मार्च 2009 मध्ये शेजाऱ्यांनी घाबरून उरलेलं सगळं विकून एफडीत टाकलं. त्याच वर्षाच्या शेवटी सेन्सेक्स 17,465 वर होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात निम्म्याहून कमी पगारावर रुजू झाले. हीच पडझड त्यांच्या साठीत आली असती, मधली वर्षं बरी गेली असती, तर तेवढी जाणवलीही नसती. नोकरी सोडल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षंच सगळ्यात नाजूक असतात.

माझी पद्धत अशी आहे. नोकरी सोडायच्या आधी चार-पाच वर्षं इक्विटीतून थोडं थोडं काढत जायचं आणि तीन वर्षांचा खर्च एफडीत, त्यापुढच्या तीन-चार वर्षांचा डेट फंडात ठेवायचा. बाजार पडला की इक्विटीला हात लावायचा नाही, वर आला की एफडी पुन्हा भरायची. परतावा थोडा कमी पडतो, हे खरं. पण "एफडीत पैसे कुजतात" म्हणणाऱ्या मुलांनी अजून पडलेल्या बाजारात घरखर्चासाठी युनिट विकलेलं नसतं. पडझड झाल्याच्या वर्षी खर्च महागाईइतका वाढवायचा नाही, हेही आधीच घरच्यांशी बोलून ठेवावं.

मुलांच्या शिक्षणाचे पैसे याच जमेत मोजणं. ते वेगळे काढा, मग उरलेल्याला तीसने भागा.

कंपनीच्या आरोग्य विम्यावर राहणं. राजीनाम्यासोबत ते कवच जातं. मग पंचेचाळिसाव्या वर्षी अर्ज भरायचा, तपासणीत साखर आणि बीपी निघणार, आणि आधीपासूनच्या आजारांवर तीन वर्षांपर्यंत क्लेम नाही. नेमक्या त्याच नाजूक वर्षांत अँजिओप्लास्टी करावी लागली तर पैसे इक्विटीतूनच निघणार. अडतीस-चाळिशीतच, नोकरीत असतानाच, स्वतःची पॉलिसी घ्या. प्रतीक्षेची वर्षं पगार चालू असताना संपतात. मी दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि वर मोठा सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाचे क्लेम त्या दहा लाखांपुढे गेले की लागू होणारी जोडपॉलिसी, सुचवतो, कारण हा जोड स्वस्त पडतो. वर्षाच्या खर्चात हप्ता धरताना तो वयाबरोबर वाढत जाणार, हे लक्षात ठेवा. उशीर झालाच असेल तर राजीनामा देण्याआधी कंपनीच्या विमा कंपनीला विचारा, की गटविम्यातून तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. ते जमलं तर पूर्ण केलेली प्रतीक्षेची वर्षं धरली जातात.

आणि एजंट "साखर लिहू नका, हप्ता वाढेल" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तेही संरक्षण नाही. गोळ्या कधी सुरू झाल्या त्या तारखेसह लिहा आणि अर्जाची प्रत घरात ठेवा.