दोन भाषांतली झोपेची गोष्ट लिहिताना या चुका टाळा

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मराठी-इंग्रजी गोष्ट लिहिताना मुंबईतील अनेक पालक आधी इंग्रजी वाक्य रचतात आणि मग शब्दाला शब्द लावत मराठी ओळ तयार करतात. गोष्ट बहुधा तिथेच बिघडते.

समजा, शेवटची फेरी संपवून कांदिवलीच्या कारशेडमध्ये झोपायला जाणाऱ्या लोकलची गोष्ट आहे. ‘द ट्रेन वॉज स्लीपी’ या ओळीखाली ‘लोकल झोपाळू होती’ असे लिहिले, तर तो तिचा स्वभाव ठरतो. त्या रात्री तिचे डोळे मिटू लागले आहेत, हे त्यातून कळत नाही. मराठीत झोप येते, म्हणून ‘लोकलला झोप आली’ हीच त्या ओळीची खरी जोडी होय. इंग्रजीत कर्ता लोकल आणि मराठीत झोप, याची चिंता करू नये. एका ओळीसमोर तोच प्रसंग असला की पुरे.

उलट बाजूची चूक मराठीत विचार करणाऱ्यांकडून होते. ‘दिवे मालवून, पंखे बंद करून लोकल झोपली’ हे वाक्य मराठीत सहज वाटते. मात्र त्याची इंग्रजी जोडी लांबते आणि कोणते शब्द कोणत्या क्रियेचे, हे लहान मुलाला उमगत नाही. म्हणून एका ओळीत एकच क्रिया ठेवावी:

लोकलने दिवे मालवले.
द ट्रेन टर्न्ड ऑफ हर लाइट्स.

लोकलने पंखे बंद केले.
द ट्रेन टर्न्ड ऑफ हर फॅन्स.

लोकल झोपली.
द ट्रेन फेल अस्लीप.

येथे ‘दारे लावली’ अशी ओळ मुद्दाम घातलेली नाही, कारण साध्या लोकलची दारे धावतानाही उघडीच असतात आणि रोज ती पाहणारे मूल लगेच हटकते. मराठीत लोकल ‘ती’ आहे, म्हणून इंग्रजीत ‘शी’ घेतले. ‘इट’ही चालेल, पण एकदा निवडलेले सर्वनाम मध्येच बदलू नये.

गोष्ट सुधारताना एक बारीक चूक हमखास राहते. अनेक ‘दिव्यां’ऐवजी एकच दिवा केला, की इंग्रजी क्रियापद तसेच राहते, पण मराठीत ‘दिवा मालवला’ असे बदलावे लागते, आणि ‘दिवा’ काढून ‘बत्ती’ घेतली तर ‘बत्ती मालवली’. कोणतेही नाम बदलल्यावर त्या ओळीचे क्रियापद पुन्हा तपासावे.

शेवटी इंग्रजी ओळी कागदाने झाकून फक्त मराठी मोठ्याने वाचावी. जिथे जीभ अडखळते किंवा घरात कोणी तसे बोलत नाही, ती ओळ अजून भाषांतरच आहे. ती इंग्रजीकडे न पाहता नव्याने लिहावी आणि गरज पडल्यास मग इंग्रजी ओळच बदलावी.