मोमेंटम लावूनही उत्तर येत नाही? या चुका टाळा

गुळगुळीत कॉन्व्हेक्स फंक्शनचा किमान शोधताना ग्रेडियंट कुठे काढायचा, यातच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. सध्याच्या `x` वर ग्रेडियंट काढून त्या उडीत मागच्या उडीचा काही भाग, म्हणजेच मोमेंटम, मिळवला, की ती पोल्याकची १९६४ची पद्धत होते. नेस्तेरोवने १९८३ साली दिलेल्या पद्धतीत आधी पुढे सरकायचं असतं आणि ग्रेडियंट तिथे काढायचा असतो:

```python
y = x + (k-1)/(k+2) * (x - x_old)
x_old, x = x, y - grad(y)/L
```

`L` म्हणजे ग्रेडियंट जास्तीत जास्त ज्या दराने बदलतो तो दर. `k` ची सुरुवात १ पासून, दर फेरीला तो एकने वाढवायचा, आणि सुरुवातीला `x_old = x`.

एका विद्यार्थ्याचा कोड असाच अडकला होता. फंक्शन एकाच चलाचं, किमान शून्यावर. ग्रेडियंट १ च्या खाली `25x`, १ ते २ मध्ये `x+24`, पुढे `25x-24`. पोल्याकची पद्धत, स्टेप १/९, मोमेंटम ४/९, सुरुवात ३.३ पासून. ग्रेडियंट १ ते २५ च्या दराने बदलणाऱ्या वर्गफंक्शनसाठी हेच आकडे सर्वोत्तम असतात, म्हणून त्याने ते डोळे झाकून उचलले होते. छापून पाहिलं तर ०.६५, −१.८०, २.१२ आणि पुन्हा ०.६५, असं चक्र संपतच नव्हतं. तो फेऱ्या वाढवत बसला होता. अशा वेळी आधी शेवटचे दहा `x` छापा. फेऱ्या वाढवून चक्र तुटत नाही.

नेस्तेरोवची पद्धत का जिंकते, हे कळलं की `y` विसरत नाही. ग्रेडियंट g असेल, तर १/L च्या स्टेपने फंक्शन कमीत कमी |g|²/(2L) इतकं उतरतं. चूक म्हणजे फंक्शन आपल्या किमान किमतीच्या जितकं वर उरलंय ते. मोमेंटम नसलेल्या साध्या पद्धतीच्या सिद्धतेत k गुणिले उरलेली चूक अधिक (L/2) गुणिले किमानापासूनच्या अंतराचा वर्ग, ही बेरीज वाढत नाही. पण हिशोबात या उताराचा बराचसा भाग वायाच जातो. नेस्तेरोव तोच उतार खर्ची घालून एका दुसऱ्या, अदृश्य बिंदूला t पट लांब उडी मारू देतो. उडीचा खर्च t²|g|²/(2L), आणि t² वजनाच्या उतारातून तो नेमका भागतो. k व्या पायरीला t साधारण k/2 इतका असतो, म्हणून चूक 1/k ऐवजी 1/k² ने घटते. L गुणिले सुरुवातीच्या अंतराचा वर्ग १ धरला, तर दशलक्षांश अचूकतेची हमी मिळायला साध्या पद्धतीला पाच लाख पायऱ्या लागतात, हिला सुमारे १,४१४. मात्र हा उतार `y` वर मोजलेला असतो. ग्रेडियंट `x` वर काढलात तर हा हिशोब लागू होत नाही.

फंक्शनची किंमत मध्येच वाढली म्हणून घाबरून मोमेंटम काढून टाकू नका. ही पद्धत दर पायरीला उतरण्याचं वचन देत नाही. लाटा फार उठल्या तर मी `k = 1` आणि `x_old = x` करून पुन्हा सुरू करतो. L चा अंदाज कमी धरून स्टेप वाढवणं हा उतावळ्यांचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.