दवाखान्याजवळ महिनाभरासाठी रूम घेताय? नागपुरात या चुका टाळा

भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, तिकडे बालाघाट-छिंदवाडा, इतक्या दुरून पेशंट नागपूरला येतात. ॲडमिट असेपर्यंत नातेवाईक वऱ्हांड्यात निभावून नेतात. खरी अडचण येते ती डॉक्टर म्हणतात तेव्हा: "भरती करायची गरज नाही, पण रोज यावं लागेल." कॅन्सरच्या पेशंटला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरलं की नेमकं हेच होतं. मग मानेवाडा रोड, हनुमाननगर, रघुजीनगर भागात 'किरायाने देणे आहे'च्या पाट्या शोधत फिरणं सुरू होतं. तोवर घरचे थकलेले असतात, त्यामुळे मिळेल त्या अटीवर हो म्हटलं जातं. पुढच्या बहुतेक भानगडी तिथूनच निघतात.

उपचाराचं वेळापत्रक हातात नसताना 'एक महिना' सांगणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. डॉक्टरांनी बोलता बोलता "महिना-सव्वा महिना लागेल" म्हटलेलं असतं आणि आपण घरमालकाला "काका, एकच महिना हवी" असं ठाम सांगून टाकतो. काकाही मग एकतिसाव्या दिवसापासून ती रूम दुसऱ्या कोणाला कबूल करतात. यात त्यांचं काही चुकत नाही.

शेक महिन्यावर नाही, बैठकांवर मोजला जातो. साधारणपणे सोमवार ते शुक्रवार रोज एक बैठक असते आणि शनिवार-रविवार सुट्टी. समजा ब्रह्मपुरीच्या एका काकांना तोंडाच्या कॅन्सरसाठी 30 बैठका सांगितल्या आहेत. पहिली बैठक सोमवारी झाली तर तिसावी सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी येते. कॅलेंडरवर मोजलं तर ते 40 दिवस झाले, आणि तेही मध्ये एकही खंड न पडता. सणाची सुट्टी आली, मशीन बंद पडली, रक्त तपासणीत पेशी कमी निघाल्या, तोंड सोलून जेवण तुटलं आणि डॉक्टरांनी थांबवलं, तर तेवढ्या बैठका शेवटी जोडल्या जातात. तीन बैठका चुकल्या तर शुक्रवारचा शेवट पुढच्या बुधवारवर जातो, म्हणजे 45 दिवस.

म्हणून रूम शोधायला निघण्याआधी रेडिएशन विभागात तीन गोष्टी विचारून घ्या: एकूण बैठका किती, पहिली कोणत्या तारखेला, आणि रोजची वेळ सकाळची की संध्याकाळची. डोक्या-मानेच्या उपचारात आधी चेहऱ्याचा मास्क बनतो, सीटी होतो, आणि प्लॅन तयार व्हायला मध्ये काही दिवस जातात. त्या दिवसांत रोज काही काम नसतं. पेशंटला प्रवास झेपत असेल तर मास्क करून घरी परता आणि पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवसापासून रूम घ्या. चार-सहा दिवसांचा किराया वाचतो.

पुढच्या दिवसांचा दर आधी न ठरवणं

वेळ वाढणारच हे एकदा मान्य केलं की घरमालकाला विचारायचा प्रश्न बदलतो. 'एका महिन्याचे किती?' एवढ्यावर थांबायचं नाही. 'एक महिना पक्का, त्यापुढे दिवसाच्या हिशोबाने राहू द्याल का, आणि किती दिवसांपर्यंत?' असं विचारायचं.

ब्रह्मपुरीच्याच काकांचा हिशोब करू. किराया महिन्याला 6,000 धरला तर दिवसाला 200 पडतात. घरमालक म्हणेल, मध्येच रूम सुटली तर मला लगेच दुसरा किरायेदार मिळत नाही. त्याचंही बरोबर आहे. म्हणून वाढीव दिवसाला 250 कबूल करायला हरकत नाही. 40 दिवस लागले तर वरच्या 10 दिवसांचे 2,500 होतात, 45 दिवस लागले तर 15 दिवसांचे 3,750. हे आधी ठरलेलं नसेल तर 'दुसरा महिना लागला, पूर्ण 6,000 द्या' असं ऐकावं लागतं. 250 च्या दराने वाढीव 23 दिवसांपर्यंत तुम्ही फायद्यात आहात, 24 दिवसांना बरोबरी होते, त्यापुढे गेलात तरच पूर्ण महिना परवडतो.

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर असं विचारता येईल:

"नमस्कार काका, वडिलांचा शेक सुरू होणार आहे, तुकडोजी चौकाजवळच्या दवाखान्यात. पेशंट धरून आम्ही तिघं राहू. 3 तारखेपासून एक महिना नक्की, उपचार लांबला तर अजून पंधरा-वीस दिवस. वाढीव दिवसांचा किराया रोजाप्रमाणे घ्याल का? सोडायच्या पाच दिवस आधी सांगू. डिपॉझिट किती आणि लाईट बिल कसं, तेही कळवा."

दिवस वाढतात तसे कमीही होतात. पेशंटला अचानक भरती करावं लागतं, किंवा सगळं सोडून गावी परतावं लागतं. तोंडातून काढायला जड जातं, पण 'मधेच सोडावी लागली तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील का' हे विचारलंच पाहिजे. बहुतेक घरमालक नाही म्हणतात. मग पैसे परत मागण्यापेक्षा किराया पंधरा-पंधरा दिवसांचा आगाऊ देण्याचं ठरवा. यावर ते सहसा अडत नाहीत, आणि तुमचं नुकसान झालं तरी पंधरवड्यापुरतंच होतं.

अकरा महिन्यांच्या अटी महिन्याला लावून घेणं

नागपुरात बाकीच्या महाराष्ट्रासारखाच अकरा महिन्यांचा करारनामा चालतो, आणि एजंटाच्या डोक्यात तोच साचा असतो: दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, एका महिन्याचा किराया दलाली, सोडायच्या महिनाभर आधी नोटीस. महिनाभर राहणाऱ्याला यातली एकही अट शोभत नाही. 6,000 च्या रूमसाठी 6,000 दलाली दिली तर रूम 12,000 ला पडली. एक तर पाट्या बघत स्वतः फिरा, नाहीतर दलाली पाव किंवा अर्ध्या महिन्यावर आणा. डिपॉझिट एका महिन्याच्या किरायापेक्षा जास्त देऊ नका.

कागदाचं काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. महिन्याभरासाठी किती घरमालक हे करतात ते मोहल्ल्यात विचारून बघा! तरी तो तयार असेल तर नोंदणी करूनच घ्या. नसेल तर साध्या कागदावर तारीख, किराया, वाढीव दिवसाचा दर, डिपॉझिट, मीटरचं रीडिंग आणि राहणाऱ्यांची नावं लिहून दोघांच्या सह्या घ्या. नोंदणी नसलेल्या व्यवहारात अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत, असं हेच कलम सांगतं. पण दवाखान्याच्या धावपळीत कोर्टात कोण जाणार? तो कागद दाखवायला जवळ असला की वाद सहसा दारातच मिटतो.

पोलीस ठाण्यात माहिती देण्यासाठी घरमालक आधार आणि फोटो मागेल. ते द्या, मात्र झेरॉक्सवर 'फक्त किरायेदार माहितीसाठी' आणि तारीख लिहून.

आजार लपवणं

"कॅन्सर सांगितलं तर रूम देणार नाहीत" म्हणून बरेच जण 'मुलाची परीक्षा आहे' असं काहीतरी सांगतात. दोन दिवसांत शेजारच्या काकूंना मानेवरच्या खुणा दिसतात आणि सामान बाहेर. घरमालकाला भीती असते ती दोन गोष्टींची: आजार पसरेल आणि किरणं घरात येतील. दोन्ही खोट्या आहेत. कॅन्सर संसर्गजन्य नाही, आणि मशीनने बाहेरून दिलेल्या शेकानंतर पेशंटच्या अंगात किरणं उरत नाहीत. लहान मुलं, गरोदर बाई, कोणीही जवळ बसू शकतं. हे शांतपणे सांगा. तरी कोणी नकार दिला तर तो पहिल्याच दिवशी मिळालेला बरा.

उलट काळजी आपल्या पेशंटची घ्यायची असते, त्यामुळे रूम बघताना जिना मोजा. पहिल्या आठवड्यात दुसरा मजला चढणारा माणूस पाचव्या आठवड्यात चढेलच असं नाही. तळमजला, कमोड आणि पाण्याची वेळ, एवढं तरी स्वतः बघा. स्वयंपाकासाठी गॅस नसेल तर पाच किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्र दाखवून एजन्सीतून मिळतो, स्थानिक पत्त्याचा पुरावा लागत नाही.

'नागपुरात दवाखान्याजवळ' एवढंच बघून टोकन पाठवणं

मेडिकल आणि तुकडोजी चौकातलं कॅन्सर हॉस्पिटल एकाच बाजूला आहेत, पण एम्स मिहानमध्ये आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट जामठ्याला, दोन्ही पार वर्धा रोडवर. तपासणी एकीकडे आणि शेक दुसरीकडे असं अनेकदा होतं. रोज जायचं ते शेकाला, म्हणून रूम त्याच्या जवळ हवी. आणि न पाहिलेल्या रूमसाठी 'आधी टोकन टाका, दोन पार्ट्या अजून आहेत' असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला सांगणारा तर सरळ चोर समजा.

त्याआधी दवाखान्यातच विचारा. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, धर्मशाळा आणि कमी खर्चाच्या सोयींची माहिती त्यांच्याकडे मिळते. तिथे जागा मिळाली तर वरचं सगळं वाचायची गरजच नाही.

लाईटचं 'बघू नंतर'

एप्रिल-मेमध्ये नागपुरात कुलरशिवाय पेशंट राहू शकत नाही, आणि भांडण नेमकं त्याच बिलावर होतं. सबमीटर आहे का, युनिटला किती, कुलर घरमालकाचा की तुम्ही आणायचा, त्यात भरायला पाणी पुरेल का, हे आधीच विचारा. मीटर सगळ्यांचा मिळून एकच असेल तर महिन्याचा ठरावीक आकडा ठरवून कागदावर टाका. आत जाताना रीडिंगचा आणि भिंती-नळांचा फोटो काढून घरमालकाच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. सोडताना तसाच दुसरा फोटो काढा, युनिटचा हिशोब तिथेच करा आणि डिपॉझिट यूपीआयने जमा झाल्यावरच किल्ली द्या. "गावी जा, पाठवतो" यावर निघू नका, कारण तपासणीला परत आलात तरी तेव्हा त्या दारापर्यंत जायला वेळ मिळत नाही.