एसओपी कापायचा, पण आपली गोष्ट न गमावता

मास्टर्सच्या अर्जासाठी लिहिलेला एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, पहिल्या खर्ड्यात हमखास लांबतो. मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात: प्रत्येक वाक्यातून दोन-चार शब्द काढत जातात. यात सगळ्यात आधी बळी जातो तो बारीक तपशिलांचा, कारण ते ‘जास्तीचे’ वाटतात. शब्दमर्यादा पाळली जाते, पण उरतो तो मजकूर कुणाच्याही नावावर खपेल असा असतो. म्हणून आधी परिच्छेद कापा, मग वाक्यं आणि शब्द अगदी शेवटी.

एक उदाहरण घेऊ. माण तालुक्यातली एक मुलगी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि तिला जलसंपदा विषयात मास्टर्स करायचंय. मर्यादा ८०० शब्दांची आहे, तिचा खर्डा ११४० शब्दांचा.

पहिली पायरी म्हणजे मूळ खर्ड्याची प्रत वेगळी ठेवणं. ती पुढे लागणार आहे. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी त्याची शब्दसंख्या लिहा. तिचा हिशोब असा निघाला: पाण्याचं महत्त्व आणि एक सुविचार १५०, दहावी-बारावीचे गुण ११०, डिग्रीचे विषय २२०, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट २४०, नोकरी १७०, हेच विद्यापीठ का १८० आणि समारोप ७०. कागदावर आकडे मांडले की दुखणं कुठे आहे ते लगेच दिसतं.

आता प्रत्येक परिच्छेदाला विचारा, हे ट्रान्सक्रिप्टमध्ये किंवा सीव्हीत आहे का? गुण आहेत, विषयांची यादीही आहे. निवड समितीसमोर ते कागद असतातच. त्यामुळे गुणांचा परिच्छेद पूर्ण गेला आणि विषयांपैकी प्रोजेक्टला उपयोगी पडलेले दोनच राहिले, ७० शब्दांत. एखाद्या सेमिस्टरला केटी लागली असेल आणि त्याला खरं कारण असेल, तर एक वाक्य पुरे.

प्रोजेक्टला मात्र हात आखडू नका. तिने एका पाझर तलावाभोवतीच्या १४ विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजली होती. तलावापासून हाकेच्या अंतरावरच्या तीन विहिरींना पाणी वाढलंच नाही. मध्ये काळ्या कातळातून उभा गेलेला डाइक, म्हणजे खडकाची भिंतच, होता आणि जमिनीखालचं पाणी त्याच्या अलीकडेच अडत होतं. ‘त्या बाजूला पाणी जात नाही’ हे शेजारच्या शेतकऱ्याने तिला आधीच सांगितलं होतं. खर्ड्यात ही हकीकत दोन ओळींत उरकली होती आणि बाकी जागा सॉफ्टवेअरच्या नावांनी भरली होती. खरं तर मास्टर्स कशासाठी करायचं याचं उत्तर इथेच आहे: तलावाची जागा ठरवताना खालचा खडक कसा वाचायचा? म्हणून हा परिच्छेद २४० वरून २६० वर गेला. कापताना एखादा भाग वाढला तर बिचकू नका.

सुरुवातीचा सुविचार काढून तिथे त्या तीन कोरड्या विहिरी आल्या, ८० शब्दांत. नोकरीचे १५० राहिले.

विद्यापीठाच्या परिच्छेदात दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घालून वाचा. तरीही तो जसाच्या तसा लागू पडत असेल, तर तो कापण्यासारखा आहे. पाच प्राध्यापकांची नावं घेण्यापेक्षा आपल्या प्रश्नाशी जुळणारं एकाचंच काम धरा आणि ते कसं जुळतं ते सांगा. इथे १६० शब्द झाले. समारोपाला ३० पुरतात. एकूण ७५०.

वाक्यांची पाळी आता येते. एसओपी इंग्रजीत असला तरी दोष कळावा म्हणून मराठीत सांगते. ‘भूजल पुनर्भरणाच्या अभ्यासावर आधारित प्रकल्पात सहभागी होण्याची संधी मला मिळाली’ याऐवजी ‘मी १४ विहिरींची पातळी मोजली’. शब्द निम्मे झाले आणि काम कुणी केलं तेही कळलं. ‘इस्टीम्ड युनिव्हर्सिटी’, ‘प्लेथोरा’, ‘फ्रॉम अ व्हेरी यंग एज’ हे सरळ काढा. बोलताना तुम्ही असं बोलत नाही.

दादा-ताईंकडून तपासून घेताना वाक्यं बदलू देऊ नका. ‘कुठे कंटाळा आला आणि कुठे आणखी ऐकावंसं वाटलं, तिथे फक्त खूण कर,’ एवढंच सांगा. दुसऱ्याने घासूनपुसून दिलेलं इंग्रजी चटकन ओळखू येतं, कारण मधलाच एखादा परिच्छेद वेगळ्या माणसाचा वाटतो.

आता बाजूला ठेवलेला मूळ खर्डा काढा आणि दोन्ही मोठ्याने वाचा. जुन्यात जिवंत वाटणारं आणि नव्यात हरवलेलं एखादं वाक्य सापडेलच. वाचवलेल्या ५० शब्दांतून ते परत घ्या. शेवटी मजकूर पोर्टलच्या चौकटीत चिकटवून पाहा. काही पोर्टल शब्दांऐवजी अक्षरं मोजतात, मोकळ्या जागांसकट, आणि मर्यादेपलीकडचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटू शकतं. म्हणून सबमिट करण्याआधी प्रिव्ह्यू उघडून शेवटची ओळ पूर्ण आली आहे ना, ते बघा.