रात्रीच्या एका स्क्रिप्टसाठी ओऑथ हवंच का?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक छोटं काम आलं. हजेरीच्या सिस्टिममधून रोज रात्री २ वाजता आदल्या दिवसाच्या नोंदी उचलायच्या आणि पगाराच्या सिस्टिमला द्यायच्या. दोन्ही सिस्टिम कंपनीच्याच, मध्ये क्रॉनवर चालणारी एक पायथन स्क्रिप्ट. हजेरीच्या एपीआयला ओळख पटवायला साधी एपीआय की चालायची आणि ओऑथही. मी ओऑथ घेतलं, कारण एपीआय की म्हणजे कच्चं काम असं डोक्यात बसलं होतं.

इथे लॉगिन करणारा माणूसच नसतो, म्हणून ओऑथचा `client_credentials` हा प्रकार वापरतात. स्क्रिप्ट आपला `client_id` आणि `client_secret` देते, बदल्यात टोकन मिळतं. आमचं टोकन ३६०० सेकंद चालायचं.

टीमलीडने कोड बघून एकच विचारलं, "सीक्रेट कुठे ठेवलंस?"

"`.env` फाइलीत."

"आणि की असती तर?"

तिथेच ठेवली असती. ती फाइल ज्याच्या हाती लागेल तो हवी तितकी टोकनं स्वतःच काढेल. ओऑथचा फायदा होता, पण मी समजत होतो तिथे नव्हता: वाटेत किंवा लॉगमध्ये टोकन फुटलं तर ते तासाभरात मरतं, की मात्र कोणी रद्द करेपर्यंत जिवंत राहते.

महिनाअखेरीला तोच तास आम्हाला नडला. नोंदी जास्त होत्या, काम सत्तर मिनिटं चाललं आणि शेवटच्या पानांना `401` आला. या प्रकारात सहसा रिफ्रेश टोकन मिळत नाही. `401` आला की नवं टोकन मागून तीच विनंती पुन्हा पाठवायची असते, आणि ते मी लिहिलंच नव्हतं. (`403` आला तर नवं टोकन मागून काही होत नाही, बहुतेकदा परवानगीच कमी असते.)

शेवटी आम्ही कीवर आलो, पण नीट. या स्क्रिप्टसाठी वेगळी की, फक्त वाचण्याची परवानगी. की हेडरमध्येच पाठवायची:

```
X-API-Key: <key>
```

यूआरएलमध्ये `?api_key=` लावली तर ती सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगमध्ये जशीच्या तशी उतरते, आणि लॉग बघणारे बरेच असतात. निवड करण्याआधी आणखी एक तपासा: एका वेळी दोन की चालू ठेवता येतात का? येत असतील तर नवी काढा, स्क्रिप्टमध्ये घाला, एक रात्र जाऊ द्या, लॉगमध्ये जुनीचा वापर शून्य दिसला की ती रद्द करा. एकच की चालत असेल तर ती बदलताना काम थांबू शकतं, म्हणून लोक बदलणं टाळतात आणि तीच की वर्षानुवर्षं राहते.

पुढच्या वर्षी पगाराच्या स्क्रीनवरूनच मॅनेजरने रजा मंजूर करायची, अशी मागणी आली. कीला फक्त "पगार सिस्टिम" एवढंच सांगता येतं. मंजुरी नेमकी कोणी दिली आणि त्याला तो अधिकार आहे का, हे हजेरीच्या बाजूला कळायला हवं होतं. त्या भागासाठी मॅनेजरच्या लॉगिनवर चालणारं ओऑथ घेतलं. रात्रीची स्क्रिप्ट अजून कीवरच आहे.