परिपत्रक मराठीत फळ्यावर लिहिताना तारखा आणि रकमा कशा सांभाळाव्यात

आधी पेन्सिल घ्या आणि इंग्रजी परिपत्रकातल्या प्रत्येक तारखेभोवती, प्रत्येक आकड्याभोवती गोल करा. किती गोल झाले ते कोपऱ्यात लिहून ठेवा. मगच अर्थ लावायला बसा.

‘सोपं करायचं म्हणजे आकडे कमी करायचे’ हा सल्ला मलाही मिळाला होता. तो ऐकून मी रबाळ्याच्या एका कारखान्यात तोंडघशी पडलो. २०१९ साली ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात कमी झाली तेव्हाची गोष्ट. मी फळ्यावर एकच ओळ लिहिली : ‘१ जुलैपासून ईएसआय साडेसहावरून चार टक्के.’ ओळ खरी होती, तरी ७ जुलैला पगाराच्या स्लिपा हातात पडल्या आणि टाइम ऑफिससमोर गर्दी जमली. स्लिपवर जुनीच कपात होती.

चूक दोन ठिकाणी होती. पहिली तारखेची. अधिसूचना १३ जूनची, दर लागू १ जुलैपासून, म्हणजे जुलैच्या पगारावर. तो पगार हातात येणार ऑगस्टमध्ये. ७ जुलैची स्लिप जूनच्या पगाराची होती. कामगाराला तिसरी तारीख हवी असते, स्लिपवर फरक दिसेल ती. परिपत्रकात ती कधीच नसते, ती आपण काढून लिहायची. मात्र मूळ दोन्ही तारखाही ठेवायच्या, आणि कोणती कशाची ते सांगायचं.

दुसरी चूक रकमेची. साडेसहा टक्क्यांत कंपनीचा वाटाही धरलेला होता. कंपनीचा ४.७५ वरून ३.२५ झाला, कामगाराचा १.७५ वरून ०.७५. लोकांनी अडीच टक्के वाचतील असा हिशेब केला, प्रत्यक्षात वाचणार होता एक टक्का. म्हणून टक्के लिहिलेत की शेजारी रुपये लिहाच, आणि खिसा कुणाचा तेही. दुसऱ्या दिवशी फळा पुसून मी असं लिहिलं :

‘ईएसआयसाठी तुमच्या पगारातून होणारी कपात १.७५ टक्क्यांऐवजी ०.७५ टक्के. १४,००० रुपये पगार असेल तर २४५ ऐवजी १०५ रुपये कापले जातील. जुलैच्या पगारापासून लागू. फरक ऑगस्टमध्ये मिळणाऱ्या स्लिपवर दिसेल. जूनच्या पगाराला जुनाच दर.’

‘कपात १ टक्क्याने कमी’ असं लिहू नका. घाईत वाचणाऱ्याला ते ‘१ टक्का झाली’ असं दिसतं. आधी किती, आता किती, दोन्ही लिहा.

बाकी काम किरकोळ आहे. गोल मोजून मजकुराशी ताडा. एखादा आकडा मुद्दाम गाळला असेल, तर कारण आपल्या प्रतीवर टिपून ठेवा. कंपनीच्या वाट्याचे आकडे मी फळ्यावर घेतले नाहीत, पण मूळ इंग्रजी कागद शेजारी टाचला. शेवटी मशीनवरच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या आणि ‘समजलं का?’ असं विचारू नका. विचारा, ‘तुझे किती कापणार, आणि कुठल्या स्लिपपासून?’