हिरा घेऊन आइन्स्टाईनचे सूत्र सोडवायला बसण्याआधी

घन पदार्थाच्या उष्माधारकतेचे आइन्स्टाईनचे सूत्र सोडवायचे तर आधी कोणता पदार्थ घ्यायचा ते ठरवा. माझे मत विचाराल तर हिराच घ्या. ड्यूलाँ आणि पेती यांनी १८१९ मध्ये सांगितलेल्या नियमानुसार घन मूलद्रव्याच्या एका मोलची उष्माधारकता साधारण २५ ज्यूल प्रति केल्विन यायला हवी. शिसे हा नियम खोलीच्या तापमानाला छान पाळते, पण म्हणूनच सरावाला ते कुचकामी. अभिजात सिद्धांत लावा नाहीतर क्वांटम सिद्धांत, उत्तर जवळजवळ तेच येणार. हिरा मात्र त्याच तापमानाला फक्त ६.१ दाखवतो. १९०७ च्या लेखात आइन्स्टाईन यांनीही हिऱ्याचीच मोजमापे तपासायला घेतली होती.

मग २५ हा आकडा येतो कुठून, हे कागदावर एकदा स्वतः मांडून ठेवा. स्फटिकातला प्रत्येक अणू आपल्या जागेभोवती तीन दिशांना हलू शकतो, म्हणून N अणूंचे 3N दोलक. अभिजात समविभाजनानुसार प्रत्येक दोलकाची सरासरी ऊर्जा kT, एका मोलची ऊर्जा 3RT, आणि तापमान एका केल्विनने वाढले की ऊर्जा 3R ने, म्हणजे २४.९४ ज्यूलने वाढते. या मांडणीत एक गोष्ट पेन्सिलीने अधोरेखित करा: दोलकाची वारंवारिता उत्तरात कुठेच नाही. अणू जड असो वा हलका, बंध सैल असो वा घट्ट, उत्तर तेच. हिऱ्याचा कार्बन हलका आहे आणि त्याचे बंध फार ताठ आहेत, पण हे सांगायला या गणितात जागाच नाही. नेमकी ती जागा आइन्स्टाईन यांनी करून दिली.

त्यासाठी लागणारी गृहीतके दोनच. दोलक ऊर्जा हवी तेवढी घेऊ शकत नाही. घ्यायची तर hν एवढ्या क्वांटमच्या पूर्ण पटीत. सगळ्या दोलकांची वारंवारिता ν एकच मानायची. n क्वांटम असण्याची शक्यता e⁻ⁿˣ च्या प्रमाणात, इथे x = hν/kT. भूमितीय श्रेढीची बेरीज करता येत असेल तर सरासरी क्वांटमसंख्या 1/(eˣ − 1) दोन ओळींत निघते. ती पाठ न करता काढून बघा, कारण पुढे चूक झाली तर ती शोधायला याच दोन ओळी उपयोगी पडतात. शून्यबिंदू ऊर्जा धरायची की नाही यावर वेळ घालवू नका. ती तापमानावर अवलंबून नाही, त्यामुळे अवकलन करताना ती गळून जाते. अवकलनानंतर हाती येते ते असे:

C = 3R · x² · eˣ / (eˣ − 1)²

hν/k ला आइन्स्टाईन तापमान θ म्हणतात, म्हणजे x = θ/T. हिऱ्यासाठी θ सुमारे १३२० केल्विन घ्या. ३०० केल्विनला x = ४.४, e⁴·⁴ साधारण ८१.४५, आणि C येते ६.०८ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. तुमचे उत्तर दोन येत असेल तर 3N ऐवजी N दोलक धरले गेले आहेत. ०.५१ येत असेल तर ते ग्रॅममागचे आहे. मोलच्या १२ ग्रॅमने भागले गेले. आणि ν च्या जागी कोनीय वारंवारिता घालून h तसाच ठेवला असेल, तर x सव्वासहा पटीने फुगतो आणि उत्तर जवळजवळ शून्य होते. ही चूक फार जणांची होते.

उत्तर आले म्हणून लगेच पुढे जाऊ नका. उष्माधारकता का घटली, हे या आकड्यांतच डोळ्यांनी दिसते, तेवढा वेळ त्याला द्या. दहा हजार दोलक कल्पा. ३०० केल्विनला प्रत्येकी सरासरी 1/८०.४५ क्वांटम, म्हणजे सगळ्यांत मिळून सुमारे १२४ क्वांटम. बाकी जवळजवळ सगळे दोलक सर्वात खालच्या पातळीवर बसलेले. आता तापमान ३०१ करा. x होतो ४.३८५ आणि क्वांटम होतात सुमारे १२६. नेमके सांगायचे तर वाढ १.८५ ची. अभिजात हिशेबात त्याच एका केल्विनला प्रत्येक दोलकाने क्वांटमचा १३२० वा भाग घेतला असता, दहा हजारांनी मिळून ७.६. या दोन वाढींचे गुणोत्तर ०.२४, आणि ६.०८ भागिले २४.९४ हेही ०.२४. अवकलन बरोबर झाले की नाही हे तपासायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

म्हणजे उष्णता घ्यायची दोलकाची तयारी कमी झालेली नाही. त्याला परवडणारा हप्ता उपलब्ध नाही. क्वांटमची किंमत ०.११४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि ३०० केल्विनला kT फक्त ०.०२६. थोडी थोडी ऊर्जा सगळ्यांना वाटता येत नाही, पूर्ण क्वांटम क्वचित एखाद्यालाच मिळतो. तापमान आणखी उतरवले की असे भाग्यवान दोलक घातांकी वेगाने कमी होतात. उत्तर लिहिताना ‘कमी तापमानाला ऊर्जा कमी असते’ एवढ्यावर थांबू नका. ऊर्जा तर 3RT मध्येही कमी होतेच. घटतो तो ऊर्जेच्या आलेखाचा चढ, आणि तेच वाक्यात यायला हवे.

दोन टोके तपासायचीही तयारी ठेवा. x लहान असताना सूत्र 3R(1 − x²/12) होते, म्हणजे ड्यूलाँ-पेती परत मिळतो. x मोठा असताना 3R x² e⁻ˣ. संगणकावर फार मोठ्या x ला eˣ अंकमर्यादेबाहेर जातो, तेव्हा सूत्र e⁻ˣ मध्ये लिहून घ्या.

शेवटी हे सूत्र कुठे तोकडे पडते तेही मांडून बघा. १०० केल्विनला x = १३.२ आणि C येते फक्त ०.००८. खरा हिरा त्याच्या वीसपटीहून जास्त उष्णता घेतो. कारण सगळे अणू एकाच वारंवारितेने कंप पावत नाहीत. शेजारी अणू मिळून लांब तरंगलांबीच्या, कमी वारंवारितेच्या लाटा चालवतात, आणि त्यांचे स्वस्त क्वांटम थंडीतही परवडतात. डिबाय यांनी १९१२ मध्ये हा सगळा पट्टा हिशेबात घेतला आणि घसरण T³ प्रमाणे निघाली. मोजमापांचा तक्ता हाती असेल तर ln(CT²) हे 1/T समोर काढा. आइन्स्टाईनचे चित्र खरे असते तर थंड बाजूला −θ चढाची सरळ रेघ मिळाली असती. प्रत्यक्षात रेघ वाकते आणि तिचा उतार थंडीकडे जाताना मंदावत जातो. T³ लागू असलेल्या पट्ट्यात त्या उतारावरून काढलेला θ कुठल्याही ठिकाणी 5T एवढाच निघतो, म्हणजे तापमान बदलले की तोही बदलतो.